दारू सोडताना तंबाखूही सोडायची असेल तर आधी काय काय जमवून ठेवायचं

गेल्या वेळी मी हे फसवलंय म्हणून लिहितोय. दारू बंद होऊन पाच आठवडे झाले होते, डॉक्टरांच्या गोळ्या चालू, दारू सोडलेल्यांच्या ग्रुपला नियमित जात होतो, आणि एका सोमवारी जोशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी नाल्यात भिरकावली. चौथ्या दिवशी डब्याचं झाकण सापडेना म्हणून बायकोवर ओरडलो, तीन रात्री झोप नव्हती, पोट साफ नाही, डोक्यात नुसती भणभण, आणि संध्याकाळी क्वार्टर घेऊन मोकळा झालो. मला वाटलं दारूची तलफ आली. ती दारूची नव्हतीच, निकोटीनची होती. शरीर निकोटीन मागत होतं आणि त्याला द्यायला माझ्या खिशात काहीच नव्हतं. म्हणून यादीतली पहिली, मधली, शेवटची वस्तू एकच, निकोटीन गम, आणि तो सोडायच्या दिवसाच्या आधी घरात आलेला पाहिजे.

दोन्ही एकदम सोडायचं का? ग्रुपमधले जुने लोक प्रेमाने सांगतात, आधी दारू सोड, तंबाखूचं नंतर बघू. त्यांची भीती खोटी नाही. 2004 साली अमेरिकेत एका चाचणीत काहींना व्यसनमुक्तीच्या उपचारासोबतच आणि काहींना सहा महिन्यांनी सिगारेट सोडायची मदत दिली, तर लगेच मदत मिळालेले थोड्या जास्त प्रमाणात परत दारूकडे घसरले. पण त्याच वर्षी 19 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा उलट दिसलं, सिगारेट सोडायची मदत मिळालेल्यांची दारू-ड्रग्जपासून दूर राहण्याची शक्यता पुढे 25 टक्क्यांनी जास्त होती. आणि हे सगळं सिगारेटवाल्यांचं, आपल्यासारख्या मळणाऱ्यांचं नाही, हे लक्षात ठेवा. पण "नंतर" म्हणजे किती नंतर? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे बिल विल्सन 1934 पासून सोबर होते, सिगारेट मात्र सुटेना, 1971 मध्ये फुप्फुसाच्या आजाराने गेले. म्हणून माझं मत, बेत दोन्हीचा एकत्र करा, पण दारू बंद केल्याचा पहिला आठवडा दारूलाच द्या. त्या आठवड्यात हात थरथरणं, घाम, फिट येणं, नसलेलं दिसणं हे सगळं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं, ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला पाहिजे, घरी हिंमत दाखवायची नाही. ॲडमिट असाल आणि वॉर्डात तंबाखू चालत नसेल तर तुमची तंबाखू तशीही पहिल्याच दिवशी सुटलेली असते, मग गम त्या दिवसापासूनच मागून घ्या.

आता डॉक्टरांना काय सांगायचं. दारूचं सगळे सांगतात, तंबाखूचं कोणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. दिवसाला तंबाखूचे किती बार आणि सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला बार, हे दोन आकडे कागदावर लिहून न्या. माझे दहा-बारा बार आणि पहिला चहाच्याही आधी. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सहसा 4 मिलिग्रॅमचा गम देतात, नाहीतर 2 चा. मी गेल्या वेळी तलफ चढल्यावर पळत जाऊन मेडिकलमधून 2 ची एक पट्टी आणली होती, दीड दिवसात संपली, आणि चहा पिता पिता च्युइंगमसारखी चावली, उचक्या लागल्या, छातीत जळजळ, फेकून दिली. म्हणजे गम नव्हता असंच धरा. आणि एक, तंबाखू सोडायला बुप्रोपिऑन नावाची गोळीही असते, पण दारू नुकतीच बंद केली असेल तर त्याने फिट येऊ शकते, म्हणून दुसऱ्या कुणाला दिलेली गोळी उचलून घेऊ नका.

गम हिशोबाने आणा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, म्हणजे दिवसाला नऊ-दहा, म्हणजे पहिल्या आठवड्याला सत्तरच्या आसपास. सत्तर! एक पट्टी नाही. सात-आठ वेळा हळू चावायचा, तोंडात मिरमिर सुरू झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, बार ठेवायचो तसाच, मिरमिर गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. गम तोंडात असताना आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी चहा, कॉफी, सरबत नाही, नाहीतर निकोटीन तोंडातून आत शिरत नाही, नुसतं पोटात जातं. आपल्याकडे चहा आणि बार जोडीनेच चालतो, त्यामुळे हेच सगळ्यात जड जातं. चहा आधी संपवा, चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा. आणि तलफ चढायची वाट बघू नका, घड्याळ बघून घ्या.

तलफ कसली हे ओळखायचं कसं? मी आता असं करतो, काहीही पेटलं की आधी गम, वीस मिनिटं, आणि उठून दुसऱ्या खोलीत. जेवणानंतर, संडासला जाताना, कामाच्या मध्येच आलेली बहुतेक वेळा यात उतरते, ती तंबाखूची. नाही उतरली, किंवा पावलं आपोआप वाइन शॉपच्या रस्त्याला लागली, तर लगेच ग्रुपमधल्या माणसाला फोन, त्यात विचार करायचा नाही. दोन-तीन दिवस निकोटीनचं सगळ्यात वाईट जातं, मग दोन-चार आठवड्यांत चिडचिड ओसरते. घरच्यांना आधीच सांगा की या तारखा वाईट जातील, मी बायकोला सांगितलंच नव्हतं, तिला वाटलं मी परत प्यायलोय, आणि तसं धरून तिने बोलणं सोडलं.

पोटाचं. सकाळचा बार गेला की कोठा बसतो, हे खरंच होतं, त्यात आठ दिवस घाबरून पुडी परत घेणारे मी पाहिलेत. रात्री इसबगोल, पाणी भरपूर, थोडं चालणं. दारूसाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर तोंड फ्रेश ठेवायला अल्कोहोल असलेला माउथवॉश नको, बाटलीवरचं वाचा. तोंडात पांढरा चट्टा किंवा तीन बोटं आत जात नसतील तर दातांच्या डॉक्टरला आताच दाखवा.

बाकी नेहमीचं, टपरीचा रस्ता बदला, मळून देणाऱ्या मित्राला स्पष्ट सांगा. फोनमध्ये तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा नंबर, 1800-11-2356.

सहा आठवड्यांनंतर गम दोन-चार तासाला एक, दहाव्या आठवड्यापासून चार-आठ तासाला एक, मग बंद, घाई नाही. मध्ये एखादा बार घेतला गेला तर दारूची सोब्रायटी गेली असं समजून बाटली उघडायची नाही, पुडी टाका, गम घ्या, पुढे चला. लग्नकार्य, गावची जत्रा, लांबचा एसटी प्रवास, सगळीकडे पट्टी खिशात. पिशवीत नाही, खिशात. घरात शेवटची पट्टी उरली की त्याच दिवशी पुढची आणा.