खात्यातून गुपचूप जाणारे पैसे शोधायचे कसे?

बँकेच्या नेटबँकिंगमधून एप्रिल ते जून असे तीन महिन्यांचे स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. पीडीएफ नको, त्यात क्रम लावता येत नाही. हेच तीन महिने घेण्याला कारण आहे. पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये वर्षातून एकदाच, साधारणपणे मे-जूनच्या सुमारास कापले जातात. कधीतरी बँकेत सही केलेला हा विमा कित्येकांच्या ध्यानातही नसतो.

तारखेनुसार वाचत बसलात तर किराणा आणि रिक्षाच्या नोंदींत डोळे थकतात. त्याऐवजी खर्चाचा रकाना रकमेनुसार लावा. एकसारख्या रकमा शेजारी येतात. रक्कम D रकान्यात असेल तर बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे लिहून खाली ओढा:

```
=COUNTIF(D:D,D2)
```

जिथे ३ येईल ती नोंद आधी बघा. समजा, १९९ रुपये तीनदा दिसले, तिन्ही वेळा ७ किंवा ८ तारखेला. हे सबस्क्रिप्शनच. दर रविवारी भरलेल्या पेट्रोलचे ५०० मात्र तारखा विखुरलेल्या असल्याने लगेच वेगळे पडतात.

रक्कम दर महिन्याला बदलत असेल, तर ही युक्ती फसते. वीजबिल, मोबाइलचे पोस्टपेड बिल यांचे तसेच होते. म्हणून दुसऱ्यांदा तपशिलाच्या रकान्यात ACH, NACH, SI आणि MANDATE हे शब्द शोधा. ही अक्षरे बँकेगणिक थोडी बदलतात, पण तुम्ही एकदा दिलेल्या परवानगीवरून होणारी कपात बहुधा यांतल्याच एखाद्या नावाने दिसते.

आता प्रत्येक नोंदीपुढे चारांपैकी एक शब्द लिहा: हप्ता, विमा-गुंतवणूक, सबस्क्रिप्शन, बँक शुल्क. विचित्र रकमेला १.१८ ने भागून पाहा. १७.७० चे १५ होतात, ५९० चे ५००. अशी सरळ रक्कम निघाली तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असण्याची शक्यता मोठी. ५९० च्या आसपास ACH आणि RETURN दिसले, तर शिल्लक कमी पडून हप्ता परतल्याचा तो दंड असू शकतो. दर महिन्याला येत असेल तर मूळ परवानगी कोणाची आहे, ते बँकेत विचारा.

ज्यापुढे शब्द सुचला नाही, तीच खरी यादी. ॲप स्टोअरच्या नावाखालची नोंद त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शन पानावर उलगडते, कारण एकाच नावाखाली अनेक सेवा असतात.

फोनमधून ॲप काढून टाकल्याने कपात थांबत नाही. यूपीआयची परवानगी ज्या ॲपमधून दिली त्याच्या ऑटोपे विभागात, कार्डची बँकेच्या ई-मॅन्डेट विभागात रद्द होते आणि NACH साठी बँकेत अर्ज करावा लागतो. कर्जाच्या हप्त्याची परवानगी मात्र चुकूनही रद्द करू नका. हप्ता थकतो आणि सिबिल स्कोअर खाली येतो. रद्द केल्यावर पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला खाते उघडून बघा.