बाउंडिंग बॉक्सची चाळणी लावताना या चुका टाळा

नागपुरातल्या मेस आणि डबेवाल्यांची यादी दाखवणारं एक छोटं पान मी चालवतो. झिरो माईलपासून पाच किलोमीटरच्या आत कोण कोण आहे ते त्यावर दिसतं. एक दिवस पूर्वेकडून, पारडीच्या बाजूच्या एका काकूंचा फोन आला. "काऊन जी, माह्या मागच्या गल्लीतली मेस दिसते अन् माही काऊन नाही दिसत?"

मी त्यांच्या मेसचं अंतर काढलं. सरळ रेषेत ४.८४ किलोमीटर, म्हणजे त्या यादीत यायलाच हव्या होत्या. अंतराचं सूत्र बरोबर होतं. चूक त्याच्या आधीच्या चाळणीत होती.

चाळणी म्हणजे बाउंडिंग बॉक्स. दर नोंदीसाठी साइन-कोसाइनचं गणित करत बसण्यापेक्षा आधी किमान-कमाल अक्षांश आणि किमान-कमाल रेखांशाची एक चौकट आखायची. जे बिंदू तिच्याबाहेर ते चार तुलनांतच बाद, उरलेल्यांचं तेवढं अचूक अंतर मोजायचं. या चौकटीला एकच नियम आहे: नको ते चार बिंदू आत आले तरी चालतील, पण हवा तो एकही बाहेर राहता कामा नये. जास्तीचे पुढची मोजणी काढून टाकते. चौकटीनं वगळलेला बिंदू मात्र त्या मोजणीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ती कितीही अचूक असली तरी तो परत येत नाही.

माझी चूक अगदी नेहमीची होती. 'एक अंश म्हणजे १११ किलोमीटर' हे डोक्यात बसलेलं. म्हणून ५ भागिले १११, म्हणजे ०.०४५० अंश, हीच संख्या मी चारही दिशांना लावली. अक्षांशाला ते साधारण चालतं. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. नागपूर २१.१५ अंशांवर आहे, तिथे रेखांशाचा एक अंश जेमतेम १०३.९ किलोमीटरचा. म्हणजे पूर्व-पश्चिमेला माझी चौकट पाच नव्हे, ४.६८ किलोमीटरवरच संपत होती.

आकडेच पाहा. केंद्र २१.१४९८, ७९.०८०६. माझ्या चौकटीची पूर्वेची कड ७९.१२५६. काकूंची मेस २१.१५१०, ७९.१२७२. कडेच्या साधारण १६५ मीटर पलीकडे. मागची गल्ली कडेच्या आत, म्हणून ती मेस दिसत होती.

हे महिनोन्‌महिने लक्षात का आलं नाही? कारण नुकसान फार थोडं असतं. वर्तुळाच्या पूर्व आणि पश्चिम टोकाच्या दोन चकत्या तेवढ्या कापल्या जातात, आणि त्यांचं क्षेत्रफळ मिळून वर्तुळाच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरतं. यादी भरलेलीच दिसते, एररही येत नाही. अक्षांश वाढेल तशी ही चूक वाढते. ६० अंशांवर रेखांशाचा अंश जवळजवळ निम्मा होतो, तिथे कोणाच्याही लगेच नजरेत भरेल. आपल्याकडे ती दबून राहते, म्हणून जास्त त्रासदायक.

दुरुस्ती अशी:

```python
dlat = r_km / 110.5
dlon = r_km / (110.5 * cos(radians(abs(lat) + dlat)))
```

११०.५ का? अक्षांशाचा अंश विषुववृत्तापाशी सर्वात छोटा, सुमारे ११०.५७ किलोमीटर असतो. त्याहून थोडी लहान संख्या घेतली की चौकट नेहमी किंचित मोठीच होते. कोसाइनही केंद्राचा न घेता चौकटीच्या ध्रुवाकडच्या कडेचा घेतलाय, हेतू तोच. आता पूर्वेची कड ७९.१२९१ येते आणि काकू आत. पाच किलोमीटरसाठी ही काळजी जरा जास्तच आहे, कबूल. पण कोणी उद्या त्रिज्या पाचशे केली तर कोड बदलावा लागणार नाही. ध्रुवाजवळ आणि १८० अंशांच्या रेखांशापाशी हे सूत्र पुरत नाही. नागपूरच्या कामात तो प्रश्न येत नाही.

गोलाई करताना हाच नियम लोक विसरतात. कडा तीन दशांशांवर आणायला `round()` वापरला तर कमाल कड सुमारे ५५ मीटरपर्यंत आत सरकू शकते. किमान मूल्य नेहमी खाली आणि कमाल नेहमी वर न्यायचं, म्हणजे `floor` आणि `ceil`.

दुसरी चूक याच्या उलट स्वभावाची. वॉर्डाच्या सीमेच्या बिंदूंवरून चौकट काढताना काही जण किमान आणि कमाल दोन्हींची सुरुवात शून्यापासून करतात. नागपूरचे दोन्ही आकडे धन आहेत, त्यामुळे किमान शून्यावरच अडकून राहतं. चौकट थेट गिनीच्या आखातापासून नागपूरपर्यंत! उत्तरं बरोबर येतात, कारण पुढची तपासणी सगळं निस्तरते, पण चाळणी जवळपास काहीच गाळत नाही आणि पान रखडतं. डेटात एखादी ०, ० अशी रिकामी नोंद शिरली तरी हेच होतं. सुरुवात `inf` आणि `-inf` पासून करा, आणि चौकटीचे चारही आकडे एकदा छापून डोळ्यांनी पाहा. २१ आणि ७९ च्या आसपास नसलेला आकडा लगेच खटकतो.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल तर सगळ्यांनाच माहीत असते, तरी होतेच. नकाशावरून कॉपी केलं की बहुधा अक्षांश आधी येतो, GeoJSON आणि `ST_MakePoint` मध्ये रेखांश आधी. नागपूरची पंचाईत अशी की उलटा केलेला बिंदूही वैध ठरतो. ७९ हा नव्वदच्या आत असल्यामुळे 'अक्षांश ९० पेक्षा जास्त नको' ही तपासणी त्याला सोडून देते, आणि मेस जाऊन पोहोचते आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या परिसरात. गुवाहाटीवाल्यांना इथे निदान एरर तरी मिळते, कारण त्यांचा रेखांश ९१ च्या पुढे आहे. यावर उपाय म्हणून डेटा घेतानाच शहराची एक ढोबळ चौकट लावा, अख्ख्या पृथ्वीची नको.

काही वेळा चौकट बरोबर असूनही क्वेरी मंद असते. तेव्हा `WHERE ABS(lng - 79.0806) < 0.0485` असं काही लिहिलंय का ते बघा. कॉलमवर गणित केलं की त्यावरचा साधा इंडेक्स वापरला जात नाही. हे असं लिहा:

```sql
WHERE lat BETWEEN 21.1045 AND 21.1951
  AND lng BETWEEN 79.0320 AND 79.1292
```

`BETWEEN` मध्ये लहान संख्या आधीच हवी. उलटं लिहिलं तर एरर येत नाही, शून्य ओळी येतात.

चौकटीनंतरची मोजणी खरंच चालते का, हेही तपासता येतं. वर्तुळ त्याच्याभोवतीच्या चौरसाचा ७८.५ टक्के भाग व्यापतं. बिंदू बऱ्यापैकी पसरलेले असतील तर चौकटीतून आलेल्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा पुढे गळायला हवा. एकही गळत नसेल तर बहुधा चौकटीलाच उत्तर समजून पुढची पायरी गाळली गेली आहे, आणि कोपऱ्यातली सात किलोमीटरवरची मेसही यादीत बसली आहे.

चौकट छोटी पडतेय का हे मात्र या टक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी मी आता केंद्रापासून ४.९९ किलोमीटरवर, दर अंशाला एक असे ३६० कृत्रिम बिंदू तयार करतो आणि सगळे चौकटीतून पार होतात का ते बघतो. जुन्या चौकटीवर चालवलं तर मुख्यतः ९० आणि २७० अंशांभोवतीचे, म्हणजे पूर्व आणि पश्चिमेकडचे बिंदू गळाले. काकूंची मेस पहिल्या घोळक्यात.