दर तोच, काम कमी: सांगलीतल्या एका हळदीच्या पाकिटाचा हिशेब

मी सांगलीत राहून पॅकेजिंगची डिझाइनं करतो. या गावात ग्राहक म्हणजे बहुतेक व्यापारी, आणि पहिल्या आकड्याला ‘हो’ म्हणणारा व्यापारी मी अजून पाहिलेला नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तो त्यांचा रोजचा धंदा आहे. आपलं उत्तर मात्र तयार हवं.

मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याला मी 32,000 चं कोटेशन दिलं होतं. 200 ग्रॅमच्या पाकिटाचं मूळ डिझाइन 12,000. त्यावरून 100 ग्रॅम, 500 ग्रॅम आणि एक किलोची पाकिटं, प्रत्येकी 3,000. तयार पाकिटांचे फोटो 6,000. जाहिरातीच्या दहा पोस्ट, 500 ला एक. शेठचा फोन आला: “22 मध्ये बसवा की. मिरजेतला एक पोरगा दहात करतोय. आणि पुढं आपलं भरपूर काम आहे.”

फोनवर आकडा बोलू नका. “बघून सांगतो” म्हणायचं, ठेवायचा आणि लिहून पाठवायचं. तोंडी बोलण्यात ज्याची सवय जास्त तो जिंकतो, आणि तो आपण नसतो. मी संध्याकाळी हे पाठवलं:

“नमस्कार शेठ. बजेट 22 पर्यंतचं आहे हे लक्षात आलं. दर तोच ठेवून काम असं बसतं: चारही पाकिटांची डिझाइनं, छपाईच्या फाइलसह, 21,000. फोटो आणि पोस्ट सध्या बाजूला ठेवू, पाकिटं छापून येईपर्यंत त्यांची गरजही नाही. नंतर हवे झाले तर दिवाळीपर्यंत हेच दर राहतील. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत. निम्मी रक्कम आली की काम सुरू, पहिलं डिझाइन त्यानंतर आठ दिवसांत. सगळं एकदम हवं असेल तर 32,000 आहेतच. कोणतं धरू?”

यात ‘परवडत नाही’ कुठेही नाही. तो शब्द लिहिला की लगेच “मग कितीत परवडतं?” येतं आणि घासाघीस पुन्हा सुरू होते. लॅपटॉपचा हप्ता, मिरजेचा पोरगा, यांचंही नाव काढलेलं नाही. आणि शेवट प्रश्नाने केला, पण दोनच पर्यायांचा.

काय काढायचं हे ठरवण्यात खरं डोकं लागतं. जे नंतर सुटं जोडता येतं तेच काढायचं. फोटो तसेच आहेत, पोस्टही. याउलट लेबलची तपासणी आणि छपाईची फाइल कितीही ताण आला तरी काढायची नाही. पाकिटाच्या मागे परवाना क्रमांक, वजन, किंमत, बॅच असा मजकूर असतो. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरतात. एक आकडा चुकलेला छपाईनंतर सापडला तर सिलिंडर नव्याने करायचा आणि छापलेला माल वाया. तेव्हा आपण तपासणी वगळून स्वस्तात काम केलं होतं हे कुणी ऐकून घेत नाही.

कोटेशन सुरुवातीपासून असं फोडून दिलेलं हवं. एकरकमी 32,000 लिहिलं असतं तर वगळायला काही हातात नव्हतं, फक्त आकडा उतरला असता. फोडलेल्या कोटेशनचा एक तोटा आहे: ग्राहक स्वस्त तेवढं वेचतो. म्हणून मूळ डिझाइन वगळता येणार नाही, असं मी खाली लिहूनच ठेवतो.

शेठचं उत्तर आलं, “22 धरा, पाच पोस्ट टाका.” सुट्या दराचा उपयोग इथे होतो. 21 वर हजार राहिले, त्यात दोन पोस्ट बसतात. मी तेवढंच कळवलं. हळद कमी पैशात मागितली तर तेही वजन कमी करतात, दर्जा नाही. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या कामाचं मी एवढंच म्हटलं: त्याची सवलत त्याच्या बिलात बघू.

बजेट खरंच कमी आहे की नुसती सवय आहे, हे अशा वेळी कळतं. पहिला माणूस विचारतो, “मग काय काढू?” दुसरा म्हणतो, “काढू काही नका, आकडा उतरवा.” दुसऱ्याला मी तेच दोन पर्याय एकदा परत पाठवतो, मुदतीची तारीख घालून, आणि थांबतो.

काम सुरू झाल्यावर मागण्या हळूच वाढतात. शेठनी मध्येच विचारलं, “तेच डिझाइन ताणून पाच किलोचंही द्या, एका क्लिकचं काम.” ते एका क्लिकचं नसतं. पिशवीची उंची-रुंदी बदलते, मागचा मजकूर नव्याने बसवावा लागतो, वजनाचा आकडा नियमाप्रमाणे मोठा करावा लागतो. मी उत्तर दिलं: “होईल शेठ, 3,000. बिलात जोडू?” त्यांनी जोडायला सांगितलं.