उधारी बुडाली की आधी आरडीडीचं खातं उघडा

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा माल मार्चमध्ये उधारीवर जातो आणि एखादी पार्टी दिवाळीला हात वर करते. विक्री एका आर्थिक वर्षात, फटका पुढच्या. उधारी बुडेल तेव्हाच ती थेट राइट ऑफ करत राहिलात, तर मार्चअखेरचा नफा फुगलेला दिसतो. म्हणून मार्चलाच अंदाजाने संशयित बुडीत कर्ज निधी, म्हणजे आपला आरडीडी, बाजूला काढायचा. एवढं बारावीला सगळ्यांनीच केलेलं असतं.

खरी अडचण पुढे येते, आणि मला ती सुटायला फार वेळ लागला. निधी आधीच असताना पार्टी बुडाली, तर नावे काय टाकायचं?

समजा, सुरुवातीचा निधी 40,000 आहे. वर्षात 25,000 ची एक उधारी बुडाली. ती निधीच्या नावे आणि ऋणकोच्या जमा टाकायची. नफा-तोट्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, कारण तो तोटा गेल्या वर्षीच धरला आहे. निधीत 15,000 उरले. वर्षअखेर उरलेली येणी 9,00,000 आणि निधी 5 टक्के हवा, म्हणजे 45,000. कमी पडणारे 30,000 तेवढे नफा-तोट्यातून घ्यायचे.

आता सापळा. बरेच नवखे 25,000 थेट नफा-तोट्याला लावतात आणि वर निधीतही 30,000 भरतात. खर्च 55,000 होतो आणि जमाखर्च तरीही जुळतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. ओळखायचं कसं? निधीचं खातं बघा. त्यात 45,000 ऐवजी 70,000 शिल्लक दिसेल. 25,000 थेट खर्चात टाकलेच असतील, तर निधीत फक्त 5,000 भरा. एकूण खर्च 30,000 च येतो. दोन्ही वाटा बरोबर आहेत, त्यांची सरमिसळ चूक आहे.

क्लासमध्ये ‘जुनं बुडीत अधिक नवं बुडीत अधिक नवा निधी वजा जुना निधी’ असं सूत्र पाठ करून घेतात. मला ते अजिबात पटत नाही. पेपरात मार्क मिळतात, पण दुकानाच्या वहीत कोणता आकडा आधीच वजा झालाय हे सूत्र सांगत नाही. निधीचं खातं कागदावर मांडा, पाच मिनिटं लागतात. एकदा जमलं की पुन्हा अडत नाही, घाबरू नका.

आयकराचं मात्र वेगळं आहे. साध्या व्यापाऱ्याला निधीची वजावट मिळत नाही, ती वहीत खरोखर राइट ऑफ केलेल्या उधारीचीच मिळते, आणि तीही ती विक्री आधी उत्पन्नात धरलेली असेल तर. म्हणून करपात्र उत्पन्नाच्या गणनेत 30,000 नफ्यात परत मिळवायचे आणि 25,000 वजा मागायचे. हे 25,000 निधीतून गेल्यामुळे नफा-तोट्यात दिसत नाहीत. मागायला विसरलात, तर हक्काची वजावट जाते.