संध्याकाळपुरती मुलं आजी-आजोबांकडे किंवा शेजारी ठेवायची असतील तर कसं विचारावं

‘जरा वेळ बघाल का मुलांना?’ असं विचारलं की समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो, पण किती वाजेपर्यंत अडकायचं आहे हे त्याला कळत नाही. म्हणून विचारण्याआधी वेळा ठरवा, आणि त्या परतीपासून उलट्या मोजा.

समजा, शनिवारी साडेसातला रिसेप्शन आहे आणि कार्यालय पाऊण तासावर. स्टेजपुढची रांग आणि जेवण मिळून दीड तास धरा. म्हणजे नऊला निघून पावणेदहाला घरी. रस्त्यातल्या गर्दीसाठी अर्धा तास वाढवा आणि सांगताना सव्वादहाच सांगा. पावणेदहा सांगून सव्वादहाला पोचलात, तर दहाला झोपणारे आजोबा अर्धा तास ताटकळतात आणि पुढच्या वेळी विचारणं अवघड होतं. जाताना पावणेसातला निघायचं, म्हणून मुलं सव्वासहालाच सोडा. तुम्ही अर्धा तास तिथेच बसलात की धाकटं रुळतं, नाहीतर चप्पल घालताना रडारड ठरलेली.

विचारायचं चार-पाच दिवस आधी, आणि ज्यांच्यावर काम पडणार त्यांनाच. आजोबांनी हो म्हटलं तरी भरवणं आणि झोपवणं बहुतेक आजीच्याच वाट्याला येतं. शेजारच्या काकूंना असं विचारता येईल:

‘काकू, शनिवारी सव्वासहा ते सव्वादहा दोघांना तुमच्याकडे ठेवता येईल का? जेवण डब्यात देते, नऊला झोपतात. तुमचं काही ठरलं असेल तर मोकळेपणी सांगा, मी आईला विचारेन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. दुसरी सोय आहे हे कळल्यावरच काकूंना खरंखुरं नाही म्हणता येतं. उत्तर ‘बघू’ आलं तर ते नाही समजा. होकार आला तर वेळा व्हॉट्सअॅपवरही पाठवा आणि शुक्रवारी एकदा आठवण करा.

सोबत वरण-भाताचा डबा, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड, लागत असतील तर दोन डायपर आणि झोपताना लागणारी गोधडी द्या. एका कागदावर दोघांचे फोन नंबर, कार्यालयाचं नाव, मुलांच्या डॉक्टरांचा नंबर, अॅम्ब्युलन्ससाठी १०८ आणि काही अॅलर्जी असल्यास ती मोठ्या अक्षरात लिहा. कार्यालयात बँडच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, तेव्हा फोन व्हायब्रेटवर करून हातात ठेवा. चार वर्षांखालचं मूल असेल तर शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात, हे स्पष्ट सांगा. आजोबांच्या गोळ्यांचा डबा टीपॉयवर दिसला तर त्यांना विचारून कपाटात वर ठेवा.

उशीर होणार असं वाटलं तर नऊलाच, निघण्याआधी फोन करा आणि नवी वेळ सांगा. ‘येतोच आहोत’ म्हणू नका, ‘पावणेअकरा होतील, चालेल का?’ असं विचारा. चालणार नसेल तर एकाने रिक्षा करून आधी परत यायचं. कोणी, हे घरातून निघतानाच ठरवून ठेवा.