पावसानंतर दुचाकी चालू होत नाही? सेल्फ मारत बसू नका, आधी प्लगची कॅप बघा

कोकणात जून-जुलैत सकाळी हे दृश्य ठरलेलं, रात्रभर धो धो पाऊस आणि सकाळी माणूस चोक ओढून सेल्फ दाबतोय, दाबतोय, दाबतोय. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही. इथेच पहिली चूक होते, कारण ठिणगीच पडत नसेल तर प्रत्येक वेळी नवीन पेट्रोल आत जातं, प्लग आणखी भिजतो आणि वर बॅटरी बसते ती वेगळीच. पाच सेकंदांच्या वर सेल्फ दाबू नका, दोन-तीनदा झालं की थांबा.

आता प्लगवरची रबरी कॅप ओढून काढा. वायर धरून नाही हां, कॅप धरून. आत ओल दिसली तर सुक्या फडक्याने पुसा, प्लगचा पांढरा भागही पुसा, बऱ्याच गाड्या एवढ्यावरच सुरू होतात. समुद्राजवळ खाऱ्या हवेने कॅपच्या आतल्या पितळेवर हिरवट थर चढतो, तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायचा. रबर चिरलं असेल तर घासत बसू नका, नवीनच घाला.

तरी नाही झाली तर इंजिन थंड असताना प्लग खोला. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगीत घोळ आहे. कोरडा खणखणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. ओला निघाला तर पुसून सुकवा, चावी बंद ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि चार-पाच किका मारा, आत साठलेलं पेट्रोल प्लगच्या भोकातून बाहेर उडतं, तोंड लांब ठेवा. मग प्लग आधी हाताने बसवा, पाना शेवटी.

आमच्या वाडीतल्या एकाची कारबोरेटरवाली बाईक मात्र कॅप पुसून, प्लग बदलूनही घुर्र करून बंद पडायची. रात्री ती बरोबर पागोळ्यांखाली उभी असायची, कौलांवरची धार थेट टाकीच्या झाकणावर. झाकणाखालची पाणी वाहून जायची बारीक नळी चिखलाने बुजलेली, मग पाणी जाणार कुठे, टाकीत. कारबोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून बाटलीत काढलं तर पाणी खाली, पेट्रोल वर, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. टाकी रिकामी केली, नळीत बारीक तार घातली, गाडी सुरू. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन असतं, तिथे हा स्क्रू नसतो, टाकीत पाणी गेल्याची शंका आली तर मेकॅनिककडेच न्या.

आणि गाडी पुराच्या पाण्यात एअर फिल्टरपर्यंत बुडाली असेल तर सेल्फ नको, किकही नको. सिलेंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत न्या, प्लग काढून पाणी निघेपर्यंत आणि ऑइल बदलेपर्यंत चावीच लावू नका. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर समजा पाणी आत गेलंय.