दोन भांडवलांतून नफा

एकेरी नोंदीत, म्हणजे हिशेब अपुरे ठेवलेले असताना, आधी वर्षारंभीची आणि वर्षअखेरची मालमत्ता वजा देणी, म्हणजेच भांडवल, काढा. समजा, भांडवल 3,00,000 वरून 3,60,000 झाले, मालकाने स्वतःसाठी काढलेली उचल 90,000 आणि त्याने नव्याने घातलेली रक्कम 50,000. नफा 60,000 नव्हे. उचल मिळवून नवी रक्कम वजा केल्यावर तो 1,00,000 येतो.

मग उधार विक्री शोधा: ग्राहकांकडून आलेली रक्कम अधिक अखेरची येणी, वजा सुरुवातीची येणी. पुरवठादारांवरून खरेदीही तशीच काढून नफातोटा खाते मांडा. तिथला नफा भांडवलावरून काढलेल्या नफ्यापेक्षा जास्त दिसला, तर बहुधा रोख उचल नोंदायची राहिली आहे. नोंद न करता घरी नेलेला माल मात्र दोन्ही नफे सारखेच घटवतो, म्हणून फरक दिसत नाही. असा माल व्यापाऱ्याला विचारूनच कळतो.